पट दाखवा, मग सांगतो

सी-२०३ काकू: भाऊ, पोराची बुद्धिबळाची पोझिशन बघून सांगा न, जिंकत होता की नाही? सकाळपासून घरात तोच वाद चालू आहे, त्यानं बरोबरी घेतली म्हणून बाबा रागावले

ए-१०४: काकू फोटो आलाच नाही. आणि तो पांढऱ्यांनी खेळत होता का? चाल कोणाची होती?

सी-२०३ काकू: फोटो नाहीच न जी काढलेला. पांढरेच होते. त्याच्याकडे राजा नि एक प्यादं, समोर नुसता राजा. प्यादं जास्त म्हणजे जिंकणारच न?

ए-१०४: नाही काकू, एवढ्यावरून नाही सांगता येत. अशा शेवटात एकेक घर महत्त्वाचं असतं, आणि चाल कोणाची यावर तर अख्खा निकाल फिरतो. त्यानं चाली लिहिलेला कागद असेल न, त्याची शेवटची ओळ पाठवा, आणि प्यादं कुठं होतं ते त्याला विचारा.

सी-२०३ काकू: हे घ्या. `52. Ke5 Ke7`. प्यादं e4 वर म्हणतो

ए-१०४: आता कसं! यात K म्हणजे राजा, नुसतं घर लिहिलं तर प्यादं. शेवटी काळ्याची चाल लिहिली आहे, म्हणजे पाळी तुमच्या पोराची. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये फक्त एक घर, अशा वेळी ज्याला हलावं लागतं त्यालाच बाजूला व्हावं लागतं. तो `Kd5` गेला की काळा `Kd7` येऊन पुन्हा आडवा. मग `e5 Ke7 e6 Ke8`, इथं काळ्यानं सरळ मागंच जायचं, d8 ला गेला तर हरला. पुढं `Kd6 Kd8 e7+ Ke8`, आता प्यादं वाचवायचं तर `Ke6` हवं आणि त्यावर काळ्याला चालच उरत नाही, शहही नाही, म्हणजे बरोबरी.

डी-४०१ दादा: आणि हीच मांडणी, पण पाळी काळ्याची असती तर?

ए-१०४: तर पोरगा जिंकला असता. काळा `Kd7` सरकला की हा `Kf6`, मग `Ke8 Ke6`, पांढरा राजा सहाव्या ओळीत प्याद्याच्या पुढं पोचला की काळा काही करू शकत नाही. मोहरी त्याच घरांत, फरक फक्त पाळीचा, म्हणून तर आधी चाल विचारली. लायचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ही पटाची मांडणी घालून बघा, यातलं पांढऱ्याच्या पाळीचं `w` काढून काळ्याचं `b` केलं की उत्तर उलटं येतं

```
8/4k3/8/4K3/4P3/8/8/8 w - - 0 1
```

डी-४०१ दादा: आमची पोरगी पटाचा फोटो पाठवते तो चालतो का मग?

ए-१०४: चालतो, पण पांढरे कुठून वर जातात आणि पाळी कोणाची हे खाली लिहायला सांगा. डाव मधला असेल तर राजा किंवा हत्ती आधी हलला होता का तेही लिहा, कारण कॅसलिंग, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, होतं की नाही ते फोटोत दिसत नाही. सगळ्यात बरं म्हणजे चालींचा पूर्ण कागदच, त्यातून चूक नेमकी कुठं झाली तेही सापडतं.

सी-२०३ काकू: म्हणजे पोरानं बरोबरी घेतली ते चुकलं नाही?

ए-१०४: अजिबात नाही. समोरच्यानं d8 सारखी चूक केली असती तरच जिंकला असता, तेवढं खेळून बघायला हरकत नव्हती, पण जिंकलेला डाव त्यानं सोडला नाही. बाबांना `Ke7` वर बोट ठेवून दाखवा.

सी-२०३ काकू: पटच मांडला आता दोघांनी. बाबा काळ्यांनी खेळून राहिले