शब्दचर्चा: 'हार्ट फेल' म्हणजे माणूस गेला का?

शेवंती
मागच्या आठवड्यात आईला दवाखान्यातून घरी आणलं. डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं. धाकट्या भावाने त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर लिहिलं नाही. पहाटे साडेपाचला सांगलीहून मामा-मामी पांढऱ्या कपड्यांत दारात हजर. आई ओट्यापाशी चहा गाळत होती. तिला बघून मामी जी रडायला लागली, ती आईलाच तिची समजूत घालावी लागली.

मामा अजून रागावलेला आहे. म्हणतो, "आमच्याकडे हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला. तुम्ही शिकलेली माणसं असं कसं लिहिता?" मला विचारायचंय ते हे, की अटॅक, अरेस्ट आणि फेल्युअर या तिघांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? की सगळ्यांना मिळून एकच 'हृदयविकाराचा झटका'?

कट्टेकरी
सोपं आहे ताई. तिन्ही एकच, फक्त पायऱ्या वेगळ्या. हृदय थोडा वेळ बंद पडलं की मायनर अटॅक, जास्त वेळ बंद पडलं की कार्डियाक अरेस्ट, आणि कायमचं बंद पडलं की फेल्युअर. मामा बरोबर आहे.

अनुस्वार
'हृदयविकाराचा झटका' हा प्रयोगच मला खटकतो. हृदयविकार म्हणजे हृदयाचा कुठलाही आजार, झडपेचा, जन्मजात, काहीही. आणि 'झटका' मराठीत विजेचाही बसतो, फिटचाही येतो. जुन्या निधनवार्तांत 'हृदयक्रिया बंद पडून' असं छापत, ते किमान ऐकायला नेमकं होतं. माझी सूचना: अटॅकला हृदयाघात, अरेस्टला हृदयस्तंभ.

पास_दे
अरेस्ट म्हणजे अटक ना? मग हृदयाला अटॅक आला की अटक झाली, हे मराठीत ऐकून कळायचं कसं? 😀

सिस्टरबाई
कट्टेकरी, तुमचा जिना मोडावा लागेल. मी २६ वर्षं हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात काढली आहेत, म्हणून सांगते. अटॅकमध्ये हृदय बंद पडत नाही. हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं आणि ते त्याच्याच अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. त्यातल्या एकीत गुठळी अडकली की तिच्या वाट्याचा स्नायू उपाशी मरायला लागतो. बाकीचं हृदय ठोके देतच असतं. म्हणून अटॅक आलेला माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. माझे पेशंट घामाने भिजलेले असायचे, छातीवर कुणी पाटा ठेवलाय म्हणायचे आणि त्यातच स्कूटरची किल्ली कुणाकडे द्यायची ते सांगायचे.

अरेस्टवाला किल्लीबद्दल काही सांगत नाही. तो काही सेकंदांत कोसळतो, हाक मारली, हलवलं तरी ओ देत नाही. श्वास थांबतो, किंवा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे अधूनमधून आचके येतात. ते आचके बघून घरचे म्हणतात, "श्वास चालू आहे", आणि वाट बघत बसतात. ती मिनिटं फार महाग पडतात.

एका बाईंचं सांगते, त्यांच्यात तिन्ही शब्द एकामागून एक दिसले. वय ५८. रात्री नऊला जेवण झाल्यावर छातीत दडपण, डावा जबडा दुखतोय, दरदरून घाम. घरात सोडा-लिंबू झालं, मग ओवा झाला. पहाटे तीनला आमच्याकडे आल्या, त्याही चालत. ईसीजीत अटॅक स्पष्ट दिसत होता. मी सलाइन लावत असताना त्या सुनेला सांगत होत्या, "दूध फ्रिजमध्ये ठेवलंस का गं..." आणि वाक्य तिथेच तुटलं. मॉनिटरवर सिनेमात दाखवतात तशी सरळ रेघ नव्हती, वेडीवाकडी थरथर होती. म्हणजे हृदय हलत होतं, पण एक थेंब रक्त पुढे ढकलत नव्हतं. हा अरेस्ट. छातीवर दाब सुरू केला, शॉक दिला. दुसऱ्या शॉकला ठोके जागेवर आले. मग अँजिओप्लास्टी होऊन अडलेली वाहिनी उघडली.

पण नऊ ते तीन हे सहा तास गेलेच होते. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही, तिथे वण राहतो. आठ महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. दोन्ही पाय सुजलेले, अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. जिना चढताना दम, आडवं झालं की दम, म्हणून तीन उश्या घेऊन झोपायच्या. हे फेल्युअर. हृदय चालू आहे, पण अंगाला लागतं तेवढं रक्त पुढे जात नाही आणि मागे पाणी साचतं. त्यानंतर नऊ वर्षं त्या ओपीडीत येत होत्या. दरवेळी दूध फ्रिजमध्ये ठेवल्याचं सांगायच्या.

कट्टेकरी
म्हणजे आधी अटॅक, मग अरेस्ट, मग फेल्युअर. मी पायऱ्याच म्हणत होतो.

सिस्टरबाई
त्या बाईंच्या बाबतीत तसं घडलं इतकंच. अटॅकच्या बहुतेक पेशंटना अरेस्ट होत नाही. विजेचा धक्का बसून, रक्तातलं पोटॅशियम फार वाढून किंवा जन्मजात लय बिघडलेली असेल तर अटॅक नसतानाही अरेस्ट होतो. आणि नुसत्या वर्षानुवर्षांच्या ब्लड प्रेशरनेही हृदय थकून फेल्युअर होतं.

पास_दे
एरिक्सन! १२ जून २०२१, कोपनहेगन, डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल मॅच. थ्रो-इनचा बॉल घ्यायला गेला आणि पडला. २९ वर्षांचा धडधाकट खेळाडू. आमच्या कट्ट्यावर सगळे "अटॅक आला" म्हणत होते, पण तो अरेस्ट होता. मैदानावरच छातीवर दाब आणि शॉक दिला. नंतर छातीत यंत्र बसवून घेतलं आणि पुढच्या वर्षी परत खेळायला लागला.

खडकवासी
माझा अनुभव वेगळा आहे. वडिलांना सकाळी छातीत जळजळ होऊन खांदा दुखायला लागला. ते स्वतः गाडी चालवत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले, तिथे गॅसवर इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजी काढलाच नाही. संध्याकाळी दुसरीकडे काढला तर अटॅक. आम्ही सगळे म्हणत होतो, "अटॅक असता तर माणूस गाडी चालवत गेला असता का?" वर सिस्टरनी लिहिलंय ते तेव्हा माहीत असतं तर सकाळचा वेळ वाया गेला नसता.

कट्टेकरी
एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकायचं, म्हणजे हृदय चालू राहतं, असा मेसेज फिरतो ना? तो तरी खरा आहे का?

सिस्टरबाई
नाही. अटॅक असेल तर हृदय चालूच आहे, खोकून अडलेली गुठळी निघत नाही. अरेस्ट असेल तर माणूस बेशुद्ध आहे, तो खोकणार कसा? हा मेसेज या दोन शब्दांच्या घोटाळ्यावरच जगतोय. माणूस बोलतोय आणि छातीत दडपण आहे, तर १०८ लावा, त्याला चालू-फिरू देऊ नका, जिथे ईसीजी निघेल तिथे न्या. गाडी तर त्याच्या हातात मुळीच नको. खडकवासी, वडिलांचं नशीब म्हणायचं. माणूस ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे छातीच्या मधोमध दाबायला लागायचं. पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बोलत असलेल्या माणसाची छाती कुणी दाबत नाही, आणि अरेस्टवाल्याला सोडा-लिंबू पाजत नाही. म्हणून शब्द वेगळे लागतात.

नाना_नोंदणी
मी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत होतो. शेवंतीताईंच्या मामांचा अर्थ हवेतून आलेला नाही. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला, नमुना क्रमांक ४, त्यात डॉक्टरांसाठी सूचनाच छापलेली असते की मृत्यूला कारण झालेला आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, हार्ट फेल्युअरसारखी मरणाची रीत लिहू नका. तरी आमच्याकडे येणाऱ्या कागदांवर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' किंवा 'हार्ट फेल' असायचंच. अहो, मेलेल्या प्रत्येकाचं हृदय थांबलेलंच असतं, त्यातून कळलं काय? पण घरच्यांनी तो कागद वाचला की त्यांच्यापुरता हार्ट फेलचा अर्थ ठरून जातो.

शेवंती
नाना, हे मामाला वाचून दाखवलं, जरा निवळला. पण आता नवी भीती. आईच्या टू-डी एकोवर पंपिंग ३५ लिहिलंय. मामा म्हणतो, हृदय पस्तीस टक्केच उरलंय, म्हणजे काठावर पास.

सिस्टरबाई
हा दहावीचा निकाल नाही हो! शंभरपैकी शंभर कुणालाच नसतात. डाव्या कप्प्यात रक्त भरतं, त्यातलं किती एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. तुमचं-माझं साधारण ५५ ते ७०. आईचं ३५ म्हणजे कमी आहे, पण तुलना करायची ती साठाशी, शंभराशी नव्हे. आणि औषधांनी तो बऱ्याच जणांचा वाढतोही.

गोदाकाठ
मग माझ्या सासूबाईंचं पंपिंग ६० आहे आणि डॉक्टर तरी हार्ट फेल्युअरच म्हणतात, ते कसं? रिपोर्ट चुकला असेल का?

सिस्टरबाई
चुकला असेलच असं नाही. काहींचं हृदय ताठर होतं, सैल सुटून नीट भरत नाही. भरलेल्यातलं साठ टक्के बाहेर जातं, पण मुळात भरलेलंच कमी. दम आणि सूज तीच. म्हातारपणी, जुनं ब्लड प्रेशर असलेल्यांत हे पुष्कळ दिसतं.

अनुस्वार
तर मग फेल्युअरला शब्द काय? वर्तमानपत्रं 'हृदय निकामी होणे' लिहितात. निकामी म्हणजे टाकून द्यायच्या लायकीचं. ओट्यापाशी चहा गाळणाऱ्या बाईला ते कसं म्हणायचं? 'हृदयदौर्बल्य' चालेल?

नाना_नोंदणी
ते भित्रेपणाला म्हणतात ना? अर्जुनाला कृष्णाने सुनावलं तेच. गीतेतला शब्द एकोच्या रिपोर्टवर नको.

अनुस्वार
खरं आहे, मागे घेतो. हृदयस्तंभ मात्र सोडणार नाही.

सिस्टरबाई
हृदयस्तंभ ऐकून आमचा वॉर्डबॉय चौकातला पुतळा शोधत गेला असता. वॉर्डात आम्ही अरेस्टला 'हृदय बंद पडलं' म्हणायचो आणि फेल्युअरला 'हृदय थकलंय, पाणी साचतंय'. पेशंटला दोन्ही कळायचं. एका शब्दात बसत नाही हे कबूल.

शेवंती, आईचं वजन रोज बघता ना? सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. डॉक्टरांना लगेच फोन करायचा, पाण्याची गोळी मनाने वाढवायची नाही.

शेवंती
काल ५३.२, आज ५३.४. मामा येताना पापड आणि लिंबाचं लोणचं घेऊन आला होता. दोन्ही माळ्यावर टाकलंय, आईला अजून सांगितलेलं नाही.