अनुभव धागा: भाषांतर केलेल्या निरोपावर परदेशी सौदा पक्का करताना

धागाकर्ता

चर्चेसाठी एक छोटी गोष्ट मांडतो. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतलं एक दुकान. जर्मनीत लहानसं दुकान चालवणाऱ्या एका बाईंचा जर्मनमध्ये निरोप येतो. कोल्हापुरीचे फोटो पाहिलेत, 60 जोड घेण्याचा विचार आहे, भाव काय? दुकानदार फोनवर भाषांतर करून निरोप वाचतो, मराठीत उत्तर लिहितो आणि त्याचं जर्मन करून पाठवतो:

«आपली चप्पल अस्सल आहे. अंगठा मजबूत, कान मऊ, वेणी हाताची. 60 नग परवा पाठवतो. आपण पैसे लवकर भरू. भाव कमी-जास्त करू.»

चौथ्या दिवशी उत्तर येतं: «आम्ही घरात घालायच्या सपाता विकत नाही, धन्यवाद.» दुकानदार तो नकार समजतो. शेजारचा एक जण म्हणतो, सपाता कुठून आल्या ते आधी बघ. मग निरोप नव्याने लिहिला जातो आणि आठवड्याभरात सौदा पक्का होतो.

पहिल्या निरोपात नेमकं कुठे बिघडलं आणि दुसरा कसा लिहावा, एवढ्यावरच लिहा. जाणकारांनी शब्द आणि आकडे नेमके द्यावेत. धंदा कसा वाढवावा हा विषय इथे नको.

हिशेबनीस

सोपा उपाय आहे. जर्मन झालेला मजकूर दुसऱ्या अॅपमध्ये टाकायचा आणि परत मराठीत आणायचा. आपण लिहिलं तेच आलं तर निरोप बरोबर, वेगळं आलं तर वाक्य बदला. प्रत्येक निरोपाला दोन मिनिटं लागतात.

म्युनिकची मंजिरी

हिशेबनीस, या निरोपातल्या मुख्य चुका तुमच्या उपायाने सापडणार नाहीत.

«चप्पल» पाहा. काही साधनांत मराठी आणि जर्मनच्या मध्ये इंग्रजी असते. चप्पलचं स्लीपर होतं आणि स्लीपरचं जर्मनमध्ये हाउसशू, म्हणजे थंडीत घरात घालायची लोकरीची सपाता. तो हाउसशू उलटा मराठीत आणलात की पुन्हा «चप्पल»च मिळते. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. «अंगठा» शब्दाचंही तेच. मराठीत हाताचा आणि पायाचा अंगठा एकच. जर्मनमध्ये हाताचा तो डाउमन आणि पायाचा ग्रोसर त्सेऽ. नुसत्या «अंगठा मजबूत»चं भाषांतर डाउमन होतं, परत आणलं की अंगठाच दिसतो. «कान» म्हणजे खरोखरीचा ओऽर, «वेणी» म्हणजे केसांची वेणी. बाईंनी वाचलं असेल ते असं: घरातली सपाता, हाताचा अंगठा दणकट, कान मऊ.

थोडक्यात, उलट भाषांतरात राहून गेलेला शब्द, उलटा झालेला नकार किंवा बदललेला आकडा सापडतो. ज्या शब्दाला आपल्याच भाषेत दोन अर्थ आहेत तो सापडत नाही, कारण परत येताना दोन्ही अर्थ त्याच शब्दावर येऊन मिळतात.

त्यावर तपासणी अशी: आलेला जर्मन शब्द चित्रांच्या शोधात टाकायचा. हाउसशू टाकला की लोकरीच्या सपातांची रांग दिसते. त्सेऽनझांडाले, म्हणजे अंगठ्याची सँडल, टाकलं की कोल्हापुरीच्या जातीची पादत्राणं दिसतात. जर्मनचं एक अक्षर न येताही हे जमतं.

वादीवाला

सुट्या भागांसाठी शब्दाच्या मागे लागूच नये. चप्पल पांढऱ्या कागदावर ठेवायची, वरून एक फोटो आणि बाजूने एक. फोटोवर आकडे टाकायचे: 1 तळ, 2 पट्टा, 3 अंगठ्याची वादी, 4 कान, 5 वेणी, 6 टाच. मग निरोपात «क्रमांक 3: दुहेरी शिलाई» एवढंच लिहायचं. समोरच्या माणसाला त्या भागाचं नाव माहीत असण्याची गरज उरत नाही, आणि तक्रार आलीच तर तीही आकड्यावरच येते.

दुसरं म्हणजे, «नग» लिहू नका. 60 नग म्हणजे 60 पायांचा माल की 60 जोड, हा वाद माल पोचल्यावर निघतो. «60 जोड, म्हणजे 120 पादत्राणे» असं दोन्ही लिहा. जर्मनमध्येही सांभाळावं लागतं. पाऽर शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असेल तर जोड, लहान असेल तर «थोडेसे». बाईंच्या निरोपात लहान अक्षर आलं आणि भाषांतरात «काही चपला» दिसलं, तर आकडा विचारून घ्या.

टपालपेटी

यात मालाचा सांकेतिक क्रमांक फार उपयोगी पडतो. सीमाशुल्काच्या जागतिक यादीत 6403.20 हा क्रमांक चामड्याचा तळ आणि पायाच्या पाठीवरून व अंगठ्याभोवती चामडी पट्टे असलेल्या पादत्राणांचा आहे. हे कोल्हापुरीचंच वर्णन झालं. तो क्रमांक निरोपात टाकला की खरेदीदार स्वतःच्या भाषेतल्या यादीत बघतो, आणि सपातेचा प्रश्न तिथेच मिटतो. पुढे बिलावर आणि टपालाच्या निर्यात कागदावरही तोच लागतो, त्यामुळे आधीच ठरवून ठेवलेला बरा.

पैठणवाला

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. जपानी ग्राहकाला पैठणीचे फोटो पाठवले. उत्तराचं भाषांतर «आम्ही यावर विचार करतो» असं आलं. मागावर ताणा चढवू का? रंग त्यांनीच निवडलाय.

म्युनिकची मंजिरी

नका चढवू. जपानी व्यवहारात हे वाक्य पुष्कळदा सौम्य नकार असतं. शब्दांचं भाषांतर बरोबर आहे, अर्थ मात्र त्यात उतरलेला नाही. त्यांना तारीख घालून एकच प्रश्न विचारा: अमुक तारखेपर्यंत आगाऊ रक्कम पाठवणार का? ताणा त्यानंतर.

जर्मन निरोपातही असा एक शब्द असतो, अनफरबिंडलिश. भाषांतरात तो «बंधन नसलेली चौकशी» होतो किंवा गळूनच जातो. तो दिसला तर ती ऑर्डर नाही, फक्त भाव विचारलाय. चामडं कापायला घ्यायचं नाही.

हिशेबनीस

चित्रांची तपासणी पटली. आता आकड्यांवर लिहितो, तो माझा प्रांत.

जर्मन माणूस हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम देतो. बाईंनी 1.440,00 लिहिलं तर ते एक हजार चारशे चाळीस युरो. आपला डोळा ते एक पूर्णांक चव्वेचाळीस वाचतो. म्हणून आपण लिहिताना हजाराची खूणच टाकायची नाही: 1440 युरो. शिवाय हिशेब उघडा ठेवायचा: 60 जोड गुणिले 24 युरो, बरोबर 1440 युरो. आकडा कुठे बिघडलाच तर गुणाकार जुळत नाही आणि कुणाच्याही लक्षात येतं.

तारखेत महिना अक्षरांत लिहा. «परवा» तर कधीच नको. मराठीत तो गेलेलाही असतो आणि येणाराही. त्यांच्याकडून के-डब्ल्यू 12 असं आलं तर ते किलोवॅट नव्हे, वर्षाचा बारावा आठवडा. 2026 मध्ये तो 16 ते 22 मार्च. उत्तरात ती तारीख लिहून मान्य करून घ्या.

«30 टागं नेट्टो» हेही येतं. भाषांतर «30 दिवस निव्वळ» असं काहीतरी होतं. खरा अर्थ, बिलानंतर 30 दिवसांच्या आत पूर्ण पैसे. पहिल्याच सौद्याला हे मान्य करायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते करू नये.

शब्दवेल्हाळ

«आपण पैसे लवकर भरू» या वाक्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मराठीत आपण म्हणजे आदराने तुम्ही, आणि आपण म्हणजे तुम्हीआम्ही मिळून. इथे तर क्रियापदही «भरू», म्हणून भाषांतरात «आम्ही पैसे भरू» झालं असणार. दुकानदारच बाईंना पैसे देणार असा अर्थ! पहिलं वाक्य «आपली चप्पल», तिथेही चप्पल बाईंची झाली असेल. सौद्याच्या निरोपात दोनच नावं ठेवावीत, विक्रेता आणि खरेदीदार. वाचायला रुक्ष वाटतं, पण कोण काय करणार यात गोंधळ राहत नाही. «भाव कमी-जास्त करू» यातलं «जास्त» ऐकून कोण खूश होईल? एक वाक्य, एक क्रियापद, एक कर्ता, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

वादीवाला

मग दुसरा निरोप साधारण असा होतो. सगळी वाक्यं मुद्दाम तुटक ठेवली आहेत:

«माल: चामड्याची सँडल, अंगठ्याभोवती पट्टा. सांकेतिक क्रमांक 6403.20. फोटो सोबत आहे.
संख्या: 60 जोड, म्हणजे 120 पादत्राणे.
मापे: तळाची लांबी सेंटीमीटरमध्ये, तक्ता सोबत आहे.
दर: एका जोडाला 24 युरो. एकूण 1440 युरो.
खरेदीदार 720 युरो आगाऊ देईल. विक्रेता उरलेले 720 युरो माल पाठवण्यापूर्वी घेईल.
विक्रेता 16 मार्च 2026 रोजी माल पाठवेल.
खरेदीदाराला हे मान्य असल्यास त्याने ‹मान्य› असे लिहावे.»

मापाचं कारण सांगतो. आपला 7 नंबर ब्रिटिश मोजणीतला, त्यात दोन नंबरांमध्ये सुमारे साडेआठ मिलिमीटरचं अंतर असतं. युरोपीय 40, 41 मध्ये ते पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. पायऱ्या वेगळ्या असल्याने नंबराला नंबर नेमका जुळतच नाही. तळाची लांबी पट्टीने मोजून दिली की हा प्रश्न राहत नाही.

धागाकर्ता

गोष्टीतल्या बाईंचं या निरोपावर उत्तर आलं: «मान्य. कृपया प्रोफॉर्मा बिल पाठवा. चामडं क्रोमरहित आहे का?» पुढे?

कापशीकर

कोल्हापुरी पारंपरिक पद्धतीने हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची असते. क्रोमचा संबंधच नाही. सरळ हो लिहा.

वादीवाला

तळाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर. पण वरचा मऊ पट्टा आणि वेणीचं बकरीचं पातळ चामडं बाजारातून घेतलेलं असेल तर ते क्रोममध्ये कमावलेलं असू शकतं. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्संयुजी क्रोमची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम आहे, 2015 पासून. म्हणून भागाच्या आकड्याने उत्तर द्या: क्रमांक 1 वनस्पतीत कमावलेलं, क्रमांक 2 आणि 5 चा तपासणी अहवाल अमुक दिवशी देतो. भाषांतरात «हो» फार सहज जातं, आणि नंतर माल अडकतो तो त्या हो वरच.

हिशेबनीस

प्रोफॉर्मा बिलावर आयात-निर्यात कोड, बँकेचा स्विफ्ट कोड आणि दुकानाचं नाव बँकेत आहे तसंच अक्षर-न्-अक्षर. हे भाग भाषांतरात घालायचेच नाहीत, जसेच्या तसे चिकटवायचे. रक्कम आली की बँक कारण विचारते, तिथे निर्यातीची आगाऊ रक्कम म्हणून P0103 सांगायचं.

टपालपेटी

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बाईंच्या पहिल्या निरोपात बहुधा «फ्राय हाउस» असेल. भाषांतर «घर मोफत» असं काहीतरी होतं. अर्थ, माल दारापर्यंत पोचवण्याचा खर्च विक्रेत्याचा. पण जर्मनीत शिरताना लागणारा 19 टक्के आयात-मूल्यवर्धित कर आणि सीमाशुल्क त्यात धरायचं का?

म्युनिकची मंजिरी

काही खरेदीदार धरतात, काही धरत नाहीत. शब्दावरून ठरत नाही.

हिशेबनीस

मग «आयात कर आणि सीमाशुल्क खरेदीदार भरेल» हे वाक्य वरच्या निरोपात आधीच हवं होतं. «मान्य» येऊन गेल्यावर ते घातलं तर बाई दर पुन्हा काढायला लावतील.

टपालपेटी

प्रोफॉर्मा अजून गेलेलं नाही ना? त्यातच वेगळी ओळ टाका, आणि त्या ओळीला पुन्हा एकदा ‹मान्य› मागून घ्या.