चार महिन्यांसाठी गेमिंग पीसी: भाड्यानं की विकत?

नांदेडचा_पोरगा: इंजिनिअरिंग संपलं, पुण्यातल्या कंपनीचं जॉइनिंग चार महिन्यांनी आहे. तोवर घरी मनसोक्त गेम खेळायचेत. RTX 3060 ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी पुण्याहून महिना ४,५०० अधिक जीएसटी भाड्यानं मिळतोय, जाण्यायेण्याचं ट्रान्सपोर्ट ३,०००. तसाच जुना पीसी इथं ४६,००० ला आहे, घेतला तर नंतर विकेन. काय करू?

जालनाकर: भाडं म्हणजे पैसे पाण्यात. हप्त्यावर नवीनच घे. वस्तू तरी आपली राहते.

बिलवाला: जालनाकर, वस्तू आपली राहते, पण त्याला ती चार महिन्यांनी विकायचीच आहे ना? नवीन पीसीचं बिल फाटलं की किंमत धाडकन उतरते, ती झळ पहिल्या मालकाला बसते. जुन्याची बरीचशी आधीच उतरलेली असते. म्हणून ४६,००० हा खर्च धरू नका, घेतल्या-विकल्यातला फरक धरा. समजा ३६,००० ला गेला, तर १०,००० गेले. भाडं १८ टक्के जीएसटीसह महिना ५,३१०, चार महिन्यांचे २१,२४०, वर ट्रान्सपोर्ट. एकच महिना खेळायचं असतं तर ८,३१० मध्ये भाडं जिंकलं असतं. दुसऱ्या महिन्यातच पारडं फिरतं.

लातूरची_ताई: माझ्या पुतण्याला क्लासच्या ऑनलाइन टेस्टसाठी कॉम्प्युटर हवाय. त्याला पण 3060 लागेल का हो?

बिलवाला: नाही ताई, साधा लॅपटॉप बास.

कॅफेवाला_संभाजीनगर: हिशोब बरोबर, पण कार्ड जिवंत राहिलं तर. माझ्या कॅफेत निम्म्या मशिनी भाड्याच्या आहेत. भाड्याचं कार्ड बंद पडलं की बदलून मिळतं. विकत घेतलेलं जुनं कार्ड वॉरंटीबाहेर गेलं की तुमचे १०,००० चे ३०,००० झालेच म्हणून समजा. त्यात आपल्याकडची लाइट! व्होल्टेज वरखाली होऊन सप्लाय उडाला तर भाडेवालेही डिपॉझिट कापतात, करारात बघा. यूपीएस दोन्हीकडं लागणारच.

बिलवाला: हे खरंय. म्हणून कार्डाचं मूळ बिल मागा, वॉरंटी किती उरलीय ते विचारा. विकणाऱ्याच्या घरी जड गेम अर्धा तास चालवा आणि बाजूला तापमान दाखवणारं HWiNFO उघडून ठेवा. मेच्या उन्हात तापमान चढणारच, त्याला घाबरू नका. पण GPU Hot Spot, म्हणजे चिपवरचा सगळ्यात तापलेला भाग, कार्डाच्या साध्या तापमानापेक्षा २५-३० अंशांनी वर गेला, तर चिप अन् कूलरमधली पेस्ट वाळलीय किंवा कूलर नीट बसलेला नाही. तेवढ्यावर भाव पाडता येतो. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले तर मात्र घेऊच नका.

जालनाकर: अन् चार महिन्यांनी गिऱ्हाईकच नाही आलं तर?

बिलवाला: नांदेडात वेळ लागेल, मान्य. पुण्याला सोबत नेऊन तिथं विकला तर लवकर जाईल.

नांदेडचा_पोरगा: विकणारा म्हणतो बिल हरवलंय, पण बॉक्स आहे. चालेल?

कॅफेवाला_संभाजीनगर: बॉक्सवरचा अन् कार्डावरचा सिरियल नंबर जुळतो का बघ आधी. नाही जुळला तर सरळ भाड्याचा घे.