मदत हवी आहे: बोली मराठीची तोंडी परीक्षा, दोन परीक्षक, एकाच मुलीला १३ आणि ७!

सुरंगी (शुक्रवार, रात्री १०:४०)
म्हापशात बोली मराठीचा तीन महिन्यांचा वर्ग घेते. पुढच्या शनिवारी शेवटची परीक्षा. काल सराव म्हणून तोंडी घेतली, सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मी आणि सोबतच्या सरांनी वेगवेगळे गुण दिले आणि डोक्याला हात लावला. एकाच मुलीला २० पैकी माझे १३, सरांचे ७. दुसऱ्या एकाला माझे ११, त्यांचे १६. ऐकण्याच्या पेपरात निम्मे लोक आपटले. कुणाकडे तयार रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याचा तक्ता, आहे का? पीडीएफ असेल तर उत्तम. घाई आहे.

बोलघेवडा (१०:५५)
सोपं आहे. माझी इंग्रजीची आयेल्ट्स परीक्षा दोनदा देऊन झाली आहे. बोलण्याच्या परीक्षेला तिथे चारच निकष: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारींना सारखं वजन. तेच उचला, मराठीत लिहा, काम झालं.

जुनी_परीक्षक (११:२०)
सुरंगी, आधी हे सांग. विद्यार्थी कोण, त्यांची घरची भाषा कोणती आणि मराठी त्यांना कशाला हवी आहे? बोलायला त्यांना नेमकं काय दिलं होतंस? ऐकण्याच्या पेपरात काय ऐकवलंस, आणि प्रश्न कोणत्या लिपीत होते? हे कळल्याशिवाय रुब्रिक देणं म्हणजे माप न घेता ब्लाउज शिवणं.

पर्वरीचे_बाबा (११:३१)
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, घरी इंग्लिशच बोलते. तुमच्या वर्गात घ्याल का? पर्वरीहून म्हापसा जवळच आहे. फी किती?

सुरंगी (शनिवार, सकाळी ७:१०)
अरे हो, मला वाटलं लिहिलंय. २२ जण आहेत. बऱ्याचशा केरळच्या नर्सेस, काही औषधाच्या दुकानातली मुलं, उरलेले गोव्याचेच कोकणी बोलणारे. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळचे पेशंट इकडे येतात, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून वर्ग.
बोलायला दिलं होतं: 'पोट दुखणाऱ्या पेशंटशी बोला.' पेशंट झाला माझा नवरा. ऐकायला वर्तमानपत्रातली आरोग्यावरची बातमी मी वाचून रेकॉर्ड केली, खाली बारा प्रश्न देवनागरीत.
१३ आणि ७ वाली कोट्टयमची नर्स आहे. ती बोलली ते असं: "काका, कधीपासून दुखतो? उलटी किती वेळा आली? हळू सांगा, मला कळला नाही. पोट इथे दुखतो की इथे?" सरांनी प्रत्येक 'दुखतो'ला अर्धा गुण कापला. ११ आणि १६ वाला आमचा डिचोलीचा मुलगा. धडाधड बोलतो, पण मधेच "तुमकां कितें जाता" वगैरे येतं. सर म्हणाले, बघा किती सहज बोलतो.
@पर्वरीचे_बाबा, हा मोठ्यांचा वर्ग आहे हो.

दोडामार्गकर (८:०५)
बातमी?! आमच्याकडची म्हातारी डॉक्टरकडे जाऊन बातमीच्या भाषेत बोलते काय? ती म्हणेल, "माका कालपासून चक्कर येता." तुमच्या नर्सेसना 'माका' कळला नाही तर वर्ग कशाला? ऐकण्याचा अख्खा पेपर मालवणीत ठेवा.

बोलघेवडा (८:२०)
परीक्षा प्रमाण भाषेचीच असते. उद्या वऱ्हाडी पण ठेवा मग.

दोडामार्गकर (८:२४)
वऱ्हाडातून म्हापशाला पेशंट येत असतील तर ठेवा की.

जुनी_परीक्षक (९:५०)
भांडा तुम्ही, मी कामाचं लिहिते.
तुमचं दोघांचं जमत नाही कारण दोघं वेगळ्या गोष्टी मोजताय. तू बघतेस पेशंटचं काम झालं का, सर बघतात लिंग-वचन, आणि डिचोलीच्या मुलाच्या बाबतीत नुसता वेग. तयार रुब्रिक आणून हे मिटणार नाही. दोष मुळात कामात आहे. 'पेशंटशी बोला' म्हटल्यावर काय केलं की काम झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
तेच काम असं कर. नवऱ्याच्या हातात एक कार्ड. त्यावर चार गोष्टी: दुखणं कधीपासून, उलट्या किती, कोणतं औषध घेतलं, कोणत्या औषधाचा त्रास होतो. विचारल्याशिवाय एकही सांगायची नाही. विद्यार्थ्याच्या हातात चार रकान्यांचा कोरा कागद, तो भरून द्यायचा, कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत. रकान्यात बरोबर माहिती आली की त्या गोष्टीचे २ गुण, म्हणजे कामाचे ८. यात तुझं आणि सरांचं दुमत होऊच शकत नाही, कारण कागद समोर असतो.
उरलेले १२ तीन निकषांत, ४-४. पेशंटला समजेल असं बोलणं. न कळल्यास पुन्हा विचारून घेणं. आणि भाषा, ज्यात तुमच्या सरांचं लिंग-वचन बसेल, पण चारातच.
पायऱ्या लिहिताना 'उत्तम, चांगले, बरे' लिहू नकोस. एकाचं बरं ते दुसऱ्याचं उत्तम असतं. डोळ्याला दिसेल, कानाला ऐकू येईल ते लिही. उदाहरणार्थ समजण्याच्या निकषात ४ म्हणजे पेशंटला एकदाही 'काय म्हणालात?' करावं लागलं नाही. ३ म्हणजे एकदा-दोनदा. २ म्हणजे बरेचदा, पण शेवटी कळलं. १ म्हणजे सुटे शब्द आणि हातवारे. ० म्हणजे संवाद सोडून दिला.
@बोलघेवडा, तुमचे चार निकष खरे आहेत, सारखं वजन हेही खरं. पण ती परीक्षा सगळ्या जगाला एकच माप लावते, आणि परीक्षकांना त्याचं प्रशिक्षण असतं. इथे नर्सला अॅलर्जी विचारता आली की नाही याला त्या चारांत जागाच नाही.

सुरंगी (दुपारी १:१५)
नवऱ्याबद्दल एक कबूल करते. पहिल्या दहा जणांपर्यंत नीट पेशंट होता. नंतर कंटाळला आणि "मला कालपासून दुखतंय, तीन उलट्या झाल्या, गोळी घेतली" असं आपणच सांगून मोकळा व्हायला लागला. डिचोलीचा मुलगा सतरावा होता.

पणजीचा_पाव (१:२२)
पेशंटच बरा झाला म्हणायचा. 😀

जुनी_परीक्षक (२:००)
मग त्या मुलाचे गुण दोघांचेही बाद. पेशंटने काय बोलायचं ते लिहून दे, आणि 'पुन्हा सांगा' म्हटलं की तेच वाक्य त्याच शब्दांत, फक्त हळू. दर सहा-सात जणांनंतर चहा पाज.
आता ऐकण्याबद्दल. बातमी लिहिलेली भाषा आहे, ती वाचून दाखवली तरी बोली होत नाही. बोलताना माणूस अडखळतो, एकच गोष्ट दोनदा सांगतो, आपणच चूक सुधारतो. पेशंट झालेल्या माणसाला मुद्दे दे, वाक्यं देऊ नकोस, आणि मग रेकॉर्ड कर. दीड-दोन मिनिटं पुरे, दोनदा ऐकवायचं. आणि प्रश्न देवनागरीत असतील तर कोट्टयमच्या मुलीची वाचनाची परीक्षा झाली. चित्रावर खूण, घड्याळाचे काटे, गोळ्यांची संख्या, असं ठेव.
त्याआधी एक चाचणी घे. रेकॉर्डिंग न ऐकवता प्रश्न कुणा शहाण्या माणसाला सोडवायला दे.

सुरंगी (रात्री ९:३०)
बहिणीला दिले. न ऐकताच बारापैकी सात बरोबर! 'ताप आल्यास काय करावे' याला 'डॉक्टरांना दाखवावे' सोडून दुसरं काय असणार.

औषधवाला_म्हापसा (९:५५)
मी परीक्षकबिरीक्षक नाही, दुकानात बसतो. आमच्याकडच्या परप्रांतीय मुलांचा सगळ्यात जास्त घोळ होतो तो पावणे-सव्वा-साडेचा. गिऱ्हाईक म्हणतं 'पावणेसातला गोळी घेतली', मुलगा लिहितो ७:१५ नाहीतर ७:४५. दीड गोळी, अडीच चमचे, तेच. दुसरं म्हणजे 'परवा'. 'परवा आलो होतो' आणि 'परवा येतो' यात परवा एकच, दिवस दोन. हे विचारा.

जुनी_परीक्षक (१०:१०)
वा! याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता. तीन घड्याळं काढ: ६:४५, ७:१५, ७:४५. चुकीची उत्तरंसुद्धा अशीच हवीत, जी खरोखर कुणीतरी चुकून निवडेल. म्हणजे कोण कुठे अडखळलं तेही कळतं. 'परवा'ला कॅलेंडर दे, उत्तर क्रियापदात लपलेलं आहे.

मांडवीकाठ (१०:२५)
मुळात गोव्यात मराठीचे वर्ग लागतातच का? १९८७च्या कायद्याने राजभाषा कोकणी आहे.

पणजीचा_पाव (१०:२७)
त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. आणि पोट दुखताना कोण कायदा बघतो? त्यासाठी वेगळा धागा काढा, मी शेंगदाणे घेऊन येतो.

सुरंगी (रविवार, सकाळी ११:४५)
पण कोकणी शब्दांचं करायचं काय? 'उदक' म्हटलं तर कुडाळच्या माणसाला कळतं.

जुनी_परीक्षक (दुपारी १२:३०)
कळलं तर समजण्याच्या निकषात काही कापू नकोस, भाषेच्या चारात एकदाच धर. एकाच चुकीला दोन ठिकाणी शिक्षा नको. पण अर्थ फिरला तर तो कामातच जाईल. 'जाता' मराठीत जाणं, कोकणीत होणं. नागपूरच्या पेशंटला 'तुमकां कितें जाता' विचारलंस तर तो घरी जाईल.
मालवणीबद्दल दोडामार्गकरांचं अर्धं पटतं. ऐकायला एक आवाज मालवणी जरूर ठेव, पण वर्गात ती आधी ऐकवली असशील तरच. न शिकवलेलं विचारणं अन्याय आहे. बोलायला मात्र मालवणी मागू नकोस.

दोडामार्गकर (१२:४०)
एक आवाज म्हणजे भीक. पेशंट अर्ध्याहून जास्त आमचे.

सुरंगी (मंगळवार, रात्री ११:०५)
अपडेट. सहा जणांना नव्या कार्डांवर पुन्हा बोलावलं. जुनी_परीक्षक ताईंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं तसं आधी दोन रेकॉर्डिंगं आम्ही दोघांनी एकत्र ऐकली, गुण आपापले लिहिले, मगच कागद उघडले आणि प्रत्येक फरकावर 'कुठल्या वाक्यामुळे?' असं विचारलं. उरलेली चार वेगवेगळी तपासली. त्यातल्या तीन रेकॉर्डिंगांत आमचा फरक दोनच्या आत. कोट्टयमची नर्स: काम ६ (अॅलर्जी विचारायची राहिली), समजणं ३, पुन्हा विचारणं ४, भाषा २. एकूण १५, सरांचे १४. डिचोलीचा मुलगा: काम ४, समजणं ३, पुन्हा विचारणं १, भाषा २. एकूण १०, सरांचेही १०. त्याला 'पावणेदहा' कळलं नव्हतं, तरी "हां हां" करत पुढे गेला आणि रकान्यात १०:१५ लिहिलं. सर तो कागद बराच वेळ बघत होते.
चौथ्या रेकॉर्डिंगात अजून पाचाचा फरक आहे, त्यातले तीन एकाच निकषात. मुलगी फार हळू बोलते, मी समजणं ४ दिलं, सरांनी १. ते म्हणतात एवढं थांबायला पेशंटला वेळ नसतो. माझ्याकडे उत्तर नाही.

बोलघेवडा (११:२०)
म्हणून म्हणत होतो, ओघ हा निकष हवा!

जुनी_परीक्षक (११:३२)
या बाबतीत सर आणि बोलघेवडा चुकीचे नाहीत. कामाला सहा मिनिटांची मर्यादा घालून बघ, वेळेत चारही रकाने भरले तर हळू बोलण्याला वेगळं कापायची गरज नाही. शनिवारपर्यंत या एका मुलीचं रेकॉर्डिंग तिसऱ्या कुणाला ऐकव, शक्यतो शिक्षक नसलेल्याला.

औषधवाला_म्हापसा (११:४०)
मी ऐकतो. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, तेव्हा पाठवा.

पर्वरीचे_बाबा (बुधवार, सकाळी ८:१५)
मग लहान मुलांचा वर्ग कधी सुरू करताय?