प्रेक्षक उपाय आणि आशीर्वाद मागतात, त्यांना काय लिहायचं?

गोदाकाठ: आमचं नाशिकचं स्तोत्रांचं, व्रतकथांचं चॅनल. व्हिडिओखाली कुणी आजारावर उपाय मागतं, कुणी आशीर्वाद. सगळ्यांना आम्ही एकच लिहितो, "श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल." माणसं समाधानाने जातात. यात कुणाला का खटकावं?

पंचवटीकर: खटकतं ते "सगळं ठीक होईल" हेच. समजा एका आईने लिहिलं, "मुलाला फिट येते, सध्या बरा आहे. गोळ्या थांबवून रोज स्तोत्र म्हटलं तर चालेल का? आशीर्वाद द्या." तिच्या प्रश्नाखाली तुमचं वाक्य पडलं की ती त्याचा अर्थ "चालेल" असाच घेणार. फिटची गोळी एकदम तोडली तर फिट परत येते, कधी थांबतच नाही, एकीवर एक येत राहते. मूल बरं दिसतं ते बहुतेकदा गोळीमुळेच, आणि ती कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतात.

तिला असं लिहा: "ताई, तुमच्या लेकरासाठी देवापाशी प्रार्थना करतो. स्तोत्र जरूर म्हणा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. औषधाचं आम्ही सांगू शकत नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं." प्रार्थना आधी लिहायची, कारण नकार आधी वाचला की माणूस पुढचं वाचत नाही. तिने पुन्हा विचारलं तर शेवटची दोन वाक्यं तशीच लिहायची, नवा खुलासा नको. खुलासा वाढला की तिला वाटतं, अजून थोडं विनवलं तर हे सांगतील.

रामतीर्थ: म्हणजे स्तोत्राच्या चॅनलने आता दवाखाना उघडायचा? श्रद्धेवर घसरायची तुम्हा लोकांना सवयच आहे. "वैयक्तिक उपाय सांगत नाही" अशी एक कमेंट पिन करा, विषय संपला.

पंचवटीकर: श्रद्धेवर कोण घसरलं? स्तोत्र म्हणा असं मीच लिहिलंय, नीट वाचा. पिन जरूर करा, पण मोबाइलवर बरेच जण वरचं न वाचता थेट टाइप करतात. नुसता आशीर्वाद मागणाऱ्याला ठरलेला मजकूर चालतो. औषध, गर्भारपण, जीव द्यायची भाषा असं काही दिसलं तर हातानेच लिहायचं. जिवाचं असेल तर प्रार्थनेच्या ओळीनंतर लगेच 14416 द्या, टेलिमानसचा म्हणजे मानसिक आधाराचा सरकारी नंबर आहे. धोका समोरच असेल तर 112.

सातपूरकर: माझं लग्न जमत नाहीये. त्र्यंबकला कालसर्प शांती करायची का? तिथल्या एखाद्या गुरुजींचा नंबर द्या ना कुणीतरी.

मेनरोड: दादा, नंबर इथे मागू नका आणि स्वतःचाही टाकू नका. मूळ प्रश्नापेक्षा मला हेच मोठं वाटतं. कमेंटमध्ये नंबर दिसला की चॅनलचाच फोटो आणि नाव लावलेलं खोटं खातं तिथे उत्तर देतं, "महाराजांचा आशीर्वाद हवा तर व्हॉट्सअ‍ॅपवर या," आणि मग पूजेचे पैसे मागतं. ओळखायचं असं: चॅनलमालकाच्या खऱ्या उत्तरात नावामागे वेगळ्या रंगाची पट्टी असते, खोट्याला नसते. नावावर टिचकी मारली की बहुतेकदा रिकामं चॅनल निघतं.

चॅनलवाल्यांनी यूट्यूब स्टुडिओच्या `Settings` मध्ये `Blocked words` या रकान्यात हे शब्द टाकावेत:

```
whatsapp, wa.me, व्हॉट्सअ‍ॅप, व्हाट्सप
```

अशा कमेंट आधी तपासणीत अडकतात. तरी आलेल्या आणि अडकलेल्या कमेंट रोज बघाव्या लागतात, कारण ठग आकडे अक्षरांत लिहितात आणि भाबडा प्रेक्षकही त्याच शब्दापायी अडकतो.

गोदाकाठ: प्रेक्षकाचा नंबर दिसला तर कमेंट उडवायची का? उडवली तर आमचं उत्तरही जातं. बाईला वाटेल हाकलून दिलं.

मेनरोड: लगेच उडवा. तासभर नंबर राहिला तरी ठगाला पुरतो. पिन केलेल्या कमेंटमध्येच लिहून ठेवा: "फोन नंबर असलेली कमेंट तुमच्या काळजीपोटी काढतो. नंबर गाळून पुन्हा लिहा, उत्तर देऊ. आम्ही कुणाला फोन करत नाही, पैसे मागत नाही."

पंचवटीकर: हे मला पटत नाही. औषध बंद करायचं विचारणाऱ्या आईची कमेंट उत्तराविना गेली आणि ती परत आलीच नाही तर? तिथे आधी उत्तर द्या, तिलाच नंबर खोडायला सांगा, नंतर बघा.

मेनरोड: तेवढ्यात तिला खोट्या महाराजांचा फोन येईल आणि तो म्हणेल, गोळी बंद करा.

रामतीर्थ: गोळीचं मान्य, "ठीक होईल" लिहू नये. पण आशीर्वादावर बंदी घालणार असाल तर मी नाही ऐकणार.

पंचवटीकर: आशीर्वादाला कुणीच नको म्हटलेलं नाही. "बरं वाटो" लिहा, "बरं वाटेल" लिहू नका.

सातपूरकर: माझं राहिलंच. कालसर्प करू की नको?

गोदाकाठ: दादा, तुमचं चांगलं व्हावं हीच देवाकडे मागणी. करायची की नाही हे आम्ही सांगत नाही, कुणाचा नंबरही देत नाही.