मदत हवी आहे: तोट्यातील कंपनीचा 'एबिटडा' हजारो कोटींचा कसा असतो?

मंदार_ठाणे

कंपन्यांचे निकाल स्वतः वाचता यावेत म्हणून मी अभ्यासासाठी व्होडाफोन आयडियाचे २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे आकडे घेतले आहेत, कारण वर्तमानपत्रांतून या कंपनीविषयी दोन अगदी विरुद्ध सुरांच्या बातम्या मी वाचत आलो आहे. त्या वर्षी कंपनीचा महसूल सुमारे ४२,६५० कोटी रुपये आणि निव्वळ तोटा सुमारे ३१,२०० कोटी रुपये होता. असे असूनही कंपनीने सुमारे १७,१०० कोटी रुपयांचा एबिटडा जाहीर केला आणि विश्लेषकांनी आपल्या टिपणांत सर्वप्रथम तोच आकडा दिला.

व्याज, कर, घसारा आणि अमॉर्टायझेशन वजा करण्यापूर्वीची कमाई, एवढी व्याख्या मला ठाऊक आहे. मला कळत नाही ते असे, की जे खर्च कंपनीला टाळताच येत नाहीत ते बाजूला ठेवून उरलेल्या आकड्याला गुंतवणूकदार इतके महत्त्व का देतात. शिवाय शेअर बाजाराकडे सादर केलेल्या निकालाच्या तक्त्यात एबिटडा नावाची ओळ सहसा नसते, तर मग तो काढायचा कसा?

दीपक_नाशिक

मंदार, घसारा हा कागदावरचा खर्च आहे. त्यासाठी कोणी कोणाला धनादेश देत नाही. त्यामुळे एबिटडा म्हणजे वर्षभरात कंपनीच्या हाती खरोखर आलेली रोकड, असे समजावे. तोटा हा लेखापालांचा असतो आणि एबिटडा हा धंद्याचा. मी शेअर निवडताना कंपनीच्या एकूण मूल्याला एबिटडाने भागतो. उत्तर दहाच्या आत आले तरच पुढे पाहतो.

शुभदा_सीए

दीपक यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र नाही. तिकडे वळण्यापूर्वी मंदार यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. निकालाच्या तक्त्यात अपवादात्मक बाबींपूर्वीचा करपूर्व नफा पाहावा, त्यात वित्तखर्च आणि 'घसारा व अमॉर्टायझेशन' या दोन ओळी मिळवाव्यात आणि इतर उत्पन्न वजा करावे. इतर उत्पन्नात ठेवींवरील व्याज, म्युच्युअल फंडांतील नफा अशा मूळ धंद्याशी संबंध नसलेल्या गोष्टी येतात, म्हणून मी ते वगळते. काही कंपन्या ते वगळत नाहीत. भारतीय लेखा मानकांत या संज्ञेची बांधीव व्याख्या नसल्यामुळे दोन कंपन्यांचा एबिटडा शेजारी ठेवण्यापूर्वी तो कसा काढला आहे हे तपासावेच लागते.

आता व्होडाफोन आयडियाचे आकडे वरून खाली वाचू. १७,१०० कोटींतून घसारा आणि अमॉर्टायझेशनचे सुमारे २२,६०० कोटी वजा केले की आकडा उणे ५,५०० कोटींवर येतो. त्यातून वित्तखर्चाचे सुमारे २५,८०० कोटी वजा केले की तोटा ३१,३०० कोटींच्या आसपास पोहोचतो. उरलेला फरक किरकोळ बाबींचा आहे. म्हणजे विसंगती कोठेच नाही. खरा प्रश्न असा, की या दोन ओळींत नेमके काय दडले आहे.

दूरसंचार कंपनीला ध्वनिलहरी म्हणजे स्पेक्ट्रम लागतात आणि त्या सरकारकडून लिलावात, सहसा वीस वर्षांसाठी, घ्याव्या लागतात. त्यांची किंमत बरीचशी हप्त्यांनी दिली जाते. ही किंमत नफा-तोटा पत्रकात वर्षागणिक अमॉर्टायझेशन म्हणून येते, हप्त्यांवरचे व्याज वित्तखर्चात जाते आणि मुद्दलाची परतफेड तर नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही. म्हणजे या धंद्याचा जो कच्चा माल म्हणता येईल, त्याची लिलावातील संपूर्ण किंमत एबिटडाच्या रेषेखाली राहते. धनादेश द्यावाच लागतो, फक्त तो या आकड्याला कधीच शिवत नाही.

मनोऱ्यांच्या भाड्याचेही तसेच झाले. १ एप्रिल २०१९ पासून भारतीय लेखा मानक ११६ लागू झाले आणि दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांची रक्कम 'भाडे' या ओळीतून उठून अंशतः घसाऱ्यात आणि अंशतः व्याजात गेली. मनोऱ्यांच्या मालकाला जाणारे पैसे तेवढेच राहिले, पण एबिटडा एका रात्रीत फुगला. कंपनी स्वतःच या मानकापूर्वीच्या पद्धतीने काढलेला 'रोख एबिटडा'ही जाहीर करते. २०२३-२४ साठी तो सुमारे ८,४०० कोटी होता, म्हणजे मोठ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. बातमीच्या मथळ्यात मात्र मोठाच आकडा येतो.

वसंत_कोथरूड

चर्चा उद्बोधक आहे. माझ्याकडे एका खासगी बँकेचे शेअर बऱ्याच वर्षांपासून आहेत. हा धागा वाचल्यावर मी तिचा तिमाही निकाल शेवटपर्यंत वाचला, परंतु त्यात एबिटडाचा उल्लेख नाही आणि शुभदाताईंनी सांगितल्याप्रमाणे बेरीज केली तर अवाढव्य आकडा येतो. बँक काही दडवीत आहे, असे समजावे काय?

शुभदा_सीए

नाही, वसंतराव, बँकेने काहीही दडवलेले नाही. बँकेचा माल म्हणजे पैसा आणि ठेवींवरचे व्याज ही त्या मालाची खरेदी किंमत. ते व्याज परत मिळवले तर साखर कारखान्याने उसाचा खर्च धरायचाच नाही, असे म्हटल्यासारखे होईल. बँकेच्या निकालात बुडीत कर्जांसारख्या तरतुदींपूर्वीचा कार्यकारी नफा पाहावा, एबिटडा काढूच नये.

मंदार_ठाणे

शुभदाताई, मनःपूर्वक आभार. पण आपल्या उत्तरामुळे माझा मूळ प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. ध्वनिलहरी आणि मनोरे हे दोन्ही खर्च बाहेर राहत असतील, तर या आकड्यात पाहण्यासारखे उरते काय? आणि २५,८०० कोटींचा वित्तखर्च १७,१०० कोटींतून भागला कसा?

कऱ्हाडकर

उरत काहीच नाही, हेच त्याचे उत्तर आहे. भांडवली खर्चाचे पैसे काय परी येऊन देणार आहे, अशा अर्थाचा टोमणा वॉरन बफे यांनी एबिटडाच्या भक्तांना मारला होता, तो उगाच नव्हे. अमेरिकेतील वर्ल्डकॉम आठवा. ही कंपनी इतर कंपन्यांच्या दूरध्वनी वाहिन्या वापरण्यासाठी त्यांना पैसे देत असे. हा सरळसरळ चालू खर्च, पण तो मालमत्ता म्हणून नोंदवला गेला. एकदा तो मालमत्तेत गेला, की परत येतो तो घसारा म्हणून, आणि घसारा एबिटडात धरलाच जात नाही. जून २००२ मध्ये कंपनीने पहिल्यांदा कबुली दिली तेव्हा ही रक्कम सुमारे ३८० कोटी डॉलर होती. ज्या आकड्यात एक खर्च दुसऱ्या खात्यात सरकवून एवढी भर घालता येते, त्यावर पैसे लावणे मला मान्य नाही.

शुभदा_सीए

कऱ्हाडकर, वर्ल्डकॉमचे उदाहरण अचूक आहे, पण त्या नोंदीने निव्वळ नफाही फुगला होता, कारण एका वर्षाचा खर्च अनेक वर्षांवर पसरला गेला. खोटी नोंद केली तर कोणताच आकडा शुद्ध राहत नाही. अशी लबाडी ओळखण्याची एक साधी खूण आहे. एबिटडा वाढत असताना भांडवली खर्चही त्याच वेगाने वाढत असेल आणि त्या खर्चातून नवे काय उभे राहिले हे कंपनीला सांगता येत नसेल, तर थांबावे.

मंदार, आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. तो वित्तखर्च त्या वर्षी पूर्णपणे रोखीने भागवावा लागलाच नाही. सप्टेंबर २०२१ च्या सरकारी योजनेनुसार ध्वनिलहरींचे जुने हप्ते आणि समायोजित सकल महसुलावर सरकारला द्यायच्या शुल्काची थकबाकी यांना चार वर्षांची स्थगिती मिळाली होती. व्याज खात्यात जमा होत राहिले, ताळेबंदातील देणे फुगत गेले, पण त्यातील मोठा भाग बँकेतून बाहेर पडला नाही. तत्पूर्वीच्या अशाच व्याजापोटी फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारला शेअर दिले गेले आणि सरकार सुमारे ३३ टक्क्यांचे भागीदार झाले. एप्रिल २०२५ मध्ये आणखी देण्याचे शेअर झाले आणि तो हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला.

आता पहिला प्रश्न. या आकड्याचा उपयोग होतो तो धंद्याचे चालणे आणि धंद्याला पुरवलेला पैसा या दोन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी. अमेरिकेत केबल टीव्हीचे जाळे पसरत होते तेव्हा टीसीआय या कंपनीचे प्रमुख जॉन मलोन यांनी अशाच आकड्याचा आग्रह धरला. कर्ज काढून वाहिन्या टाकायच्या, त्यामुळे घसारा आणि व्याज प्रचंड, नफा जवळपास शून्य, पण दर महिन्याला वर्गणी येतच असे. कर्ज देणाऱ्याला त्या वर्गणीतून किती कर्ज पेलेल हे पाहायचे होते, आणि ते निव्वळ नफ्यावरून कळत नव्हते. आजही निव्वळ कर्ज एबिटडाच्या किती पट आहे, हे धनको आवर्जून पाहतो.

व्होडाफोन आयडियाच्या बाबतीत १७,१०० कोटी म्हणजे महसुलाच्या सुमारे ४० टक्के. त्याच काळात भारती एअरटेलचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. कर्जाचा वेगवेगळा बोजा बाजूला ठेवूनही एक कंपनी दर शंभर रुपयांतून दुसरीपेक्षा कमी वाचवते, हे केवळ तोट्याच्या आकड्यावरून कळले नसते. दुसरे म्हणजे, जुलै २०२४ प्रमाणे दर वाढतात तेव्हा मनोरे आणि कर्मचारी तेच राहतात, त्यामुळे ग्राहक टिकले तर वाढीव महसुलाचा बराचसा भाग थेट एबिटडात उतरतो. दरवाढ पचली की ग्राहक दुसरीकडे गेले, हे तेथेच सर्वप्रथम दिसते.

दीपक_नाशिक

मान्य, ध्वनिलहरींचे मला सुचले नव्हते. पण ज्या कंपनीला मोठा भांडवली खर्च नाही आणि भाडेही नगण्य आहे, तिच्या बाबतीत तरी एबिटडा म्हणजे रोकडच ना?

शुभदा_सीए

तेथेही उधारी पाहावी लागते. विक्रीचे बिल फाडले की ते एबिटडात येते, ग्राहकाने पैसे दिले नाहीत तरी. म्हणून रोख प्रवाह पत्रकातील कार्यकारी रोकड सलग तीन-चार वर्षे एबिटडाशी ताडून पाहावी. कर भरल्यामुळे ती काहीशी कमी असणारच, पण दरी दरवर्षी रुंदावत असेल तर येणी आणि मालसाठा या दोन ओळी आधी तपासाव्यात.

कऱ्हाडकर

मग 'समायोजित एबिटडा'चे काय? झोमॅटो कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्चही त्यात परत मिळवत आली आहे. पगाराचा एक भाग शेअरमध्ये दिला म्हणून तो पगार राहत नाही काय?

शुभदा_सीए

तो खर्चच आहे, असे माझे मत. मात्र त्याच आकड्यातून कंपनी भाडे प्रत्यक्ष वजा करते, म्हणजे मानक ११६ ची सूज तेथे नाही, हेही नोंदवायला हवे. माझे काही सहकारी शेअरचा खर्च परत मिळवणे योग्य मानतात, कारण त्यात रोकड जात नाही आणि भागधारकांचा हिस्सा घटतो ते शेअरसंख्येत दिसतेच. या मुद्द्यावर आमच्यात एकमत झालेले नाही.

कऱ्हाडकर

शेअरसंख्या किती जण तपासतात, हा प्रश्न उरतोच. मी तो खर्च वजा करूनच पाहणार.

मंदार_ठाणे

आता मी एअरटेलचेही त्याच वर्षाचे आकडे घेऊन, मानक ११६ पूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही एबिटडा शेजारी मांडून पाहतो. एअरटेलच्या आफ्रिकेतील व्यवसायाचे आकडे त्यातून वेगळे काढावे लागतील असे दिसते. ते कोठे मिळतात, हे कोणी सांगू शकेल काय?

शुभदा_सीए

निकालाच्या शेवटी विभागवार माहितीचा तक्ता असतो, त्यात भारतातील मोबाइल सेवा आणि आफ्रिका वेगवेगळे दिलेले असतात. तुलना भारतातील मोबाइल सेवेशीच करावी, कारण व्होडाफोन आयडियाचा धंदा मुख्यतः तेवढाच आहे.