जिभेखालची पट्टी आखूड आहे म्हणून बाळ नीट पीत नाही? (अनुभव धागा)

धागाकर्ती

“जिभेखालची पट्टी आखूड आहे, कापून घ्या,” असं कुणी सांगितलं की नव्या आईबाबांच्या पोटात गोळा येतो. अशी बाळं ज्यांनी प्रत्यक्ष हाताळली आहेत त्यांनी इथे लिहावं, म्हणून हा धागा. बाळाला काय होत होतं, काय तपासलं आणि पट्टी कापल्याने (किंवा न कापल्याने) नेमका काय फरक पडला, एवढं सांगा.

स्तनपान सल्लागार

एका बाळाची नोंद सविस्तर देते.

बाळ १२ दिवसांचं. जन्माचं वजन ३१०० ग्रॅम, पाचव्या दिवशी २८६०, बाराव्या दिवशी २९५०. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याची काळजी नाही. पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. इथे सात दिवसांत ९० ग्रॅम, म्हणजे रोज तेरा. एकेक पाजणं ४५ मिनिटांचं, पिताना टक्‌टक्‌ आवाज, आणि आईला इतकं दुखायचं की बाळ जवळ आणलं की तिचे खांदे वर जायचे.

मी आधी तोंड उघडून बघत नाही, पूर्ण पाजणं बघते. बाळ सुटल्यावर निपलकडे पाहिलं तर ते एका बाजूने चपटं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं झालेलं आणि कडेला पांढरी रेघ. याचा अर्थ निपल मागे मऊ टाळूपर्यंत जात नव्हतं, जीभ आणि कडक टाळूच्या मध्ये चेपलं जात होतं. पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन केलं, फरक ३६ ग्रॅम. त्यानंतर आईने पंपाने आणखी ४० मिलि काढलं. दूध होतं, बाळाला ते ओढता येत नव्हतं.

मग जीभ. ब्रिस्टल मोजपट्टीत चार गोष्टींना ० ते २ गुण असतात. टोकाला बदामासारखी खाच, म्हणून ०. पट्टी खालच्या हिरडीच्या आतल्या बाजूला चिकटलेली, १. रडताना जिभेच्या फक्त कडा वर येत होत्या, १. जीभ हिरडीच्या पुढे येई पण ओठापर्यंत नाही, १. एकूण ८ पैकी ३, म्हणजे हालचाल बरीच अडलेली.

तरीही लगेच कापायला पाठवलं नाही. तीन दिवस पकड सुधारली. आई मागे रेललेली, बाळ तिच्या अंगावर पालथं, हनुवटी आधी लागेल अशी, मान थोडी मागे. प्रत्येक पाजण्यानंतर काढलेलं २० मिलि दूध वाटी-चमच्याने. वजन वाढू लागलं, पण दुखणं दहापैकी आठवरून सहावरच आलं आणि निपल तसंच चपटं. तेव्हा सोळाव्या दिवशी पट्टी कापून घेतली. तेविसाव्या दिवसापर्यंत वाढ रोज सुमारे ३० ग्रॅम, दुखणं दोनवर. वरून द्यायचं दूध चार दिवसांत हळूहळू थांबवलं.

एक बाबा

म्हणजे पट्टी दिसली की कापणं बरं ना? काम तर दोन मिनिटांचं. आम्हाला लेझर सुचवलं होतं, आणि नंतर दिवसातून सहा वेळा बोट फिरवून जखम ताणायची, नाहीतर पुन्हा चिकटते, असं सांगितलं होतं.

बालरोगतज्ज्ञ

काम लहान आहे, हे खरं. बाकीचं मान्य नाही. पट्टी प्रत्येक बाळाला असते. ती वेगळी दोरी नसून तोंडाच्या तळावरच्या आवरणाची घडी आहे, जीभ उचलली की ती ताणून दिसते. पुष्कळ बाळं ठळक पट्टी असूनही छान पितात, त्यांना हात लावायचं कारण नाही.

कापण्याआधी मी टाळू पाहतो, कारण टाळूची लपलेली फट असली तरी बाळ असंच आवाज करत पितं. हनुवटी फार लहान आणि मागे असेल तर पट्टी कापल्यावर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, तिथे कापणं टाळायचं. बाळ ढिलं आहे का, पिताना धाप लागते का, मान एकाच बाजूला वळते का, हेही पाहतो. जन्मानंतर व्हिटॅमिन के दिलं होतं का आणि घरात कुणाला रक्तस्रावाचा विकार आहे का, हे विचारल्याशिवाय कात्री हातात घेत नाही.

बाळाला कपड्यात घट्ट गुंडाळतो, जीभ उचलून धरतो आणि बोथट टोकाच्या कात्रीने पातळ, पांढुरका भाग दोन-तीन मिलिमीटर कापतो. खोलवर जात नाही, तिथे जिभेच्या नसेच्या शाखा आणि लाळेच्या नळ्या असतात. काही थेंब रक्त येतं. गॉजने दाबायचं आणि लगेच अंगावर घ्यायचं. चोखण्याच्या दाबाने रक्त थांबायला मदत होते.

लेझर कात्रीपेक्षा सरस असल्याचा चांगला पुरावा नाही, जखम ताणण्याचाही नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२४ च्या अहवालाचाही सूर असाच आहे.

नवजात विभागातली परिचारिका

ताणण्याबद्दल मीही सांगते. दिवसातून सहा वेळा दुखऱ्या जागी बोट गेलं की काही बाळं तोंडाजवळ काहीही आलं तरी मान फिरवतात, स्तनसुद्धा. पट्टी कापल्यावर जिभेखाली दुसऱ्या दिवशी पांढरा-पिवळा डाग दिसतो. आई घाबरून फोन करते, पू आहे का म्हणून. तो जखम भरतानाचा थर असतो, एक-दोन आठवड्यांत जातो. लालसर सूज, ताप किंवा दाबूनही न थांबणारं रक्त असेल तर मात्र लगेच दाखवायचं.

एक आई

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, ‘र’ आणि ‘ल’ नीट म्हणत नाही. त्याची पट्टी आता कापली तर बोलणं सुधारेल का?

वाचा उपचारतज्ज्ञ

ताई, हा प्रश्न पिण्यापेक्षा वेगळा आहे. अडीच वर्षांच्या मुलाला ‘र’ न येणं बहुतेकदा वयाचंच असतं. जीभ किती हलते ते पाहून ठरवावं लागेल. एक सांगते, पुढे बोलायला अडचण येईल या भीतीने नीट पिणाऱ्या तान्ह्या बाळाची पट्टी कापण्याला आधार नाही.

स्तनपान सल्लागार

डॉक्टरांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. वरून न दिसणारी, बोट फिरवल्यावर जाणवणारी जाड मागची पट्टी काही बाळांत खरोखर त्रास देते, असं मला वाटतं.

बालरोगतज्ज्ञ

वाटू शकतं, पण प्रत्येकाच्या बोटाला वेगळं लागतं, हीच अडचण. मागची पट्टी ठरवायची एकवाक्यतेची कसोटी नाही आणि तिथे कापायचं तर खोल जावं लागतं. पुढच्या पट्टीबाबतही पुरावा बेताचाच आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि ३०२ बाळं होती. आईचं दुखणं काही दिवसांसाठी कमी झालं, पण पिणं सुधारल्याचं सगळीकडे दिसलं नाही.

स्तनपान सल्लागार

म्हणूनच कापल्यावरही मी थांबत नाही. बाळाने चुकीच्या पद्धतीने चोखायची सवय लावून घेतलेली असते, ती कात्रीने जात नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा पूर्ण पाजणं पाहते, वजन करते. सात दिवसांनीही निपल चपटं येत असेल तर दुसरी पट्टी शोधत नाही, पकड आणि टाळू पुन्हा तपासायला सांगते.